हिंदीभाषक मुलांच्या मराठीतल्या चुका: कोणती चूक कुठून येते आणि तिच्यासाठी कोणता तास घ्यायचा?

महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२०च्या कायद्याने सक्तीचं झालं. तेव्हापासून घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांची संख्या खूप वाढली. त्यांच्याकडून येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. पाचवी ते आठवीच्या वर्गांना समोर ठेवून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बहुतेक हिंदीभाषक मुलांची आहेत, कारण हिंदी आणि मराठी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की चूक कुठून आली ते बारकाईने पाहिल्याशिवाय कळतच नाही.

मुलांच्या चुकांचे तीन प्रकार करता येतात, ते नेमके कोणते?

पहिला प्रकार मातृभाषेच्या प्रभावाचा. मूल मराठी शब्द वापरतं, पण वाक्याची घडण घरच्या भाषेची असते. 'मी नाही जातो' हे 'मैं नहीं जाता' याच साच्यातलं वाक्य आहे. मराठीत नकार शेवटी येतो आणि क्रियापदही बदलतं: 'मी जात नाही'.

दुसरा प्रकार नियमाच्या अतिवापराचा. इथे मुलाला मराठीचा नियम कळलेला असतो, पण तो कुठे थांबतो ते कळलेलं नसतं. 'बसला, पडला, हसला' ऐकून मूल 'करला' म्हणतं. 'केला' हे रूप त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं, किंवा पोचलं तरी नियम त्याच्यावर मात करतो.

तिसरा प्रकार निसटत्या चुकीचा. मुलाला बरोबर रूप येत असतं, घाईत किंवा दमल्यावर हातून दुसरंच लिहिलं जातं. न येणं आणि निसटणं हा फरक पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली ठामपणे मांडला आणि तेव्हापासून भाषाशिक्षणात तो पायाभूत मानला जातो. कारण सरळ आहे. जे मुलाला येतंच, ते पुन्हा शिकवण्यात तास वाया जातो. जे येत नाही, ते 'लक्ष देऊन लिही' असं बजावून येणार नाही.

एखाद्या खऱ्यासारख्या उताऱ्यावर हे करून दाखवाल का?

सातवीतल्या, घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत सापडेल असा हा उतारा घ्या. विषय 'माझा रविवार'.

> रविवारी मी मामाच्या घरी गेलो. मामा माझ्यासाठी नवीन सायकल आणला. मी माम्याला विचारलं, ही माझी आहे का? मामा हो बोलले. पण सायकलचा टायरमध्ये हवा नाही होती. मामीने सांगलं, आधी चहा पी. मग आम्ही घर मध्ये गेलो. मामीने चहा बनवली. मी पाणी पण प्यायलो. पाणी खूप थंड होता. संध्याकाळी मी सायकलवर घरी आला.

लाल पेन घेतलं तर इथे नऊ खुणा होतात आणि नऊही सारख्याच दिसतात. पेन बाजूला ठेवून प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारायचा: हेच वाक्य हा मुलगा हिंदीत कसं म्हणाला असता?

'मामा सायकल आणला' याचं हिंदी 'मामा साइकिल लाए'. हिंदीत 'लाना' या क्रियापदाला भूतकाळात 'ने' लागत नाही. मराठीत 'आणणे'च्या कर्त्याला लागतो, आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'मामांनी सायकल आणली'. मुलाला 'ने' माहीतच नाही का? तसं नाही. त्याच उताऱ्यात 'मामीने सांगलं' आणि 'मामीने चहा बनवली' असं त्याने लिहिलं आहे, कारण हिंदीत 'बताना' आणि 'बनाना' यांना 'ने' लागतो. म्हणजे जिथे हिंदीत 'ने' आहे तिथे तो मराठीत घालतो आणि जिथे हिंदीत नाही तिथे गाळतो. मातृभाषेच्या प्रभावाचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही. शिवाय 'मामा सायकल घेऊन आले' हे शुद्ध मराठी वाक्य त्याच्या कानावर पडत असतं, त्यामुळे त्याची चूक आणखी पक्की होते. तिथे मुख्य क्रियापद 'येणे' आहे हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

'हवा नाही होती' म्हणजे 'हवा नहीं थी', 'घर मध्ये' म्हणजे 'घर में', 'चहा बनवली' म्हणजे 'चाय बनाई', आणि 'पाणी थंड होता' म्हणजे 'पानी ठंडा था'. चारही एकाच पेटीत जातात. 'घर मध्ये' हे शब्द सुटे लिहिणंही हिंदी लेखनाच्या सवयीतूनच आलेलं आहे.

आता 'माम्याला' बघा. हिंदीत 'मामा को' म्हणतात, मामा तसाच राहतो. या मुलाने हिंदीचा आधार घेतला असता तर 'मामाला' हे बरोबर रूप आपोआप मिळालं असतं. त्याने तो घेतला नाही. 'घोडा, घोड्याला' आणि 'डबा, डब्याला' यातला मराठी नियम त्याने मामावर चालवला. हा अतिवापर. तुलनेसाठी सांगते: तो 'घोडेला' असं लिहिता, तर ते 'घोड़े को' वरून आलेलं ठरलं असतं. दोन्ही चुका सामान्यरूपाच्याच, पण एक हिंदीतून आलेली आणि दुसरी मराठी शिकता शिकता झालेली.

पहिल्या वाक्यात 'मामाच्या घरी' बरोबर आहे, मग 'माम्याला' ही निसटती चूक का धरू नये? कारण 'मामाच्या घरी' हा मुलांनी अखंड ऐकलेला तुकडा असतो. 'घरी'सुद्धा तसाच, म्हणून तर 'घरी' बरोबर लिहिणारा मुलगा पुढे 'घर मध्ये' लिहितो. खात्री करायची तर त्याला तोंडी विचारायचं: काका, दादा, यांना 'ला' लाव. 'काक्याला' आलं तर प्रश्न मिटला.

'सांगलं' हाही अतिवापर. हिंदीतल्या 'बताया'शी त्याचा काही संबंध नाही. 'ला, ली, लं' लावायचं हा नियम 'सांग'ला थेट लावला, 'सांगितलं' मधला 'इत' राहून गेला.

उरल्या दोन. 'सायकलचा टायरमध्ये' इथे हिंदीत 'साइकिल के टायर में' येतं, म्हणजे हिंदीनेही त्याला 'च्या'कडेच नेलं असतं. आणि 'मामाच्या घरी' मध्ये 'च्या' त्याने बरोबर वापरला आहे. 'मी घरी आला' इथे हिंदीचा संशय येऊ शकतो, कारण 'मैं आया' आणि 'वह आया' यात क्रियापद एकच. पण याच उताऱ्यात 'मी गेलो', 'मी प्यायलो', 'आम्ही गेलो' ही रूपं बरोबर आहेत. शेवटच्या ओळीत हात थकला, इतकंच. या दोन्ही निसटत्या धरायच्या, मात्र तपासून.

'मामा हो बोलले' याला मी खूण करणार नाही. लेखनात 'म्हणाले' जास्त चांगलं, हे नंतर कधीतरी सांगता येईल. पण मुंबई-ठाण्याकडची मराठी घरंसुद्धा असं बोलतात, त्यामुळे ती शिकणाऱ्याची चूक म्हणता येत नाही.

'तपासून' म्हणजे कसं? मुलाला विचारलं की तो लगेच दुरुस्त करतो, पण ते अंदाजाने असू शकतं ना?

असू शकतं, आणि बऱ्याचदा असतंच. 'आला' खाली रेघ मारून 'हे बरोबर आहे का?' विचारलं तर मुलाला कळतं की काहीतरी चुकलंय, आणि 'आलो' सोडून दुसरा पर्याय त्याच्यापुढे नसतो. त्या उत्तराला पुरावा म्हणून किंमत नाही.

त्याऐवजी असं करा. त्याच्याच उताऱ्यातली चार वाक्यं वेगळ्या कागदावर काढा, त्यातली दोन बरोबर आणि दोन चुकीची. कुठली कशी ते सांगू नका. त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि जिथे खटकेल तिथे थांबायला सांगा. निसटती चूक असेल तर तो वाचता वाचताच अडखळतो, पुष्कळदा कागदावर 'आला' असताना तोंडाने 'आलो' वाचून जातो. अंदाज करणारं मूल बरोबर वाक्यंही बदलू लागतं. आणि ज्याला नियम माहीतच नाही ते 'पाणी खूप थंड होता' अगदी शांतपणे वाचून पुढे जातं, कारण त्याच्या कानाला त्यात खटकण्यासारखं काहीच नसतं.

एका खेपेवर निर्णय घेऊ नका. एखादं रूप वापरायची वेळ उताऱ्यात किती वेळा आली आणि त्यातल्या किती वेळा ते बरोबर आलं, हे मोजा. 'मी'सोबत पाच क्रियापदं आली आणि एकच चुकलं, तर निसटती म्हणायला जागा आहे. पाचातली तीन चुकली, तर नियम अजून डळमळीत आहे, मग मुलाने विचारल्यावर कितीही पटकन दुरुस्त करू दे. आणि संधीच एकदा आली असेल, तर निकाल राखून ठेवा आणि पुढच्या लेखनात बघा.

काही चुका दोन्हीकडे बसतात. 'त्याने मराठी शिकली' हे हिंदीमुळे की अतिवापरामुळे?

फार चांगलं उदाहरण आहे. मराठीत 'शिकणे' सकर्मक असूनही त्याला 'ने' लागत नाही: 'तो मराठी शिकला'. हिंदीत मात्र 'उसने मराठी सीखी'. म्हणून हिंदीचा प्रभाव म्हणता येतो. पण 'त्याने पोळी खाल्ली, त्याने गाडी धुतली' यावरून मुलाने नियम काढला आणि तो 'शिकणे'लाही लावला, असंही म्हणता येतं.

यावर उपाय म्हणजे अशी क्रियापदं शोधायची ज्यांना हिंदीतही 'ने' लागत नाही आणि मराठीतही नाही. 'भूलना' आणि 'विसरणे' ही तशी जोडी आहे, 'मिलना' आणि 'भेटणे' ही दुसरी. आता मुलाला त्यांचं भूतकाळातलं वाक्य करायला द्या. 'तो डबा विसरला', 'तो मला भेटला' हे त्याने बरोबर केलं आणि फक्त 'शिकणे' चुकलं, तर हात हिंदीचा आहे. 'त्याने डबा विसरला', 'त्याने मला भेटला' असंही आलं, तर नियमाचा अतिवापर आहे, कारण ही वाक्यं हिंदीतून येऊच शकत नाहीत.

हा खटाटोप वाटेल, पण त्यावर पुढचा तास ठरतो. पहिल्या मुलाला 'शिकणे' हे एकच क्रियापद हिंदीशेजारी ठेवून दाखवलं की काम होतं. दुसऱ्याला 'ने' कुठे थांबतो हे शिकवावं लागतं, आणि त्यासाठी विसरणे, भेटणे, शिकणे, बोलणे अशी सगळी मंडळी एकत्र आणावी लागतात.

काही वेळा चाचणीनंतरही दोन्ही कारणं असल्याचंच दिसतं. तेव्हा वहीत दोन्ही लिहा. ओढूनताणून एका पेटीत कोंबू नका.

मातृभाषेच्या प्रभावातून आलेल्या चुकीवर तास कसा आखायचा?

या चुकीचं मूळ असं की मुलाला दोन भाषांमधला फरक दिसलेलाच नसतो. म्हणून तो फरक शेजारी शेजारी ठेवून दाखवणं हेच तासाचं काम. नपुंसकलिंगाचा एक तास घेऊ, कारण 'पाणी थंड होता' ही हिंदीभाषक मुलांची सगळ्यात टिकाऊ चूक आहे. हिंदीत दोनच लिंगं आहेत. मराठीतलं तिसरं लिंग ठेवायला मुलाकडे जागाच नसते, म्हणून ते बहुतेक पुल्लिंगात जाऊन बसतं.

शब्द आठच घ्या, आणि दोन्ही भाषांत असलेलेच घ्या: पाणी, दूध, घर, दही, फूल, पुस्तक, चहा, आवाज. नवा शब्द आला की मुलाचं लक्ष अर्थाकडे जातं, आणि आपल्याला ते लिंगाकडे हवं आहे.

सुरुवातीची सातआठ मिनिटं फळ्यावर दोन रकाने. डावीकडे मुलांनी सांगायची हिंदी वाक्यं: 'दूध गरम हुआ', 'पुस्तक अच्छी है', 'चाय ठंडी हुई', 'आवाज़ आई'. उजवीकडे तुम्ही मराठी लिहायचं: 'दूध गरम झालं', 'पुस्तक चांगलं आहे', 'चहा थंड झाला', 'आवाज आला'. नियम सांगू नका. काय वेगळं दिसतंय ते मुलांना म्हणू द्या. कोणीतरी 'हे झालं काय आहे?' विचारतंच, आणि तो प्रश्न मुलांकडून आला की अर्धा तास वाचतो.

मग 'तो, ती, ते'. हिंदीत तिन्हींसाठी 'वह' पुरतो, त्यामुळे सर्वनामातून लिंग ओळखायची सवयच मुलाला नसते. मराठीत ती सवय म्हणजे सगळ्यात मोठा आधार आहे. आठही शब्द पुढेमागे करत 'ते पाणी, तो चहा, ते पुस्तक, तो आवाज' असे जोडीनेच म्हणायचे. वहीतही शब्द एकटा लिहायचा नाही, जोडी लिहायची.

यानंतर दहा मिनिटं नुसतं ऐकणं. तुम्ही वाक्याचा शेवटच म्हणायचा: '…सांडलं'. मुलांनी दूध, चहा, आमटी यांतून निवडायचं. 'सांडला' म्हटलं की चहा, 'सांडली' म्हटलं की आमटी. इथे मूल बोलत नाही, फक्त कान लावून शेवट पकडतं. हा टप्पा बरेच शिक्षक गाळतात आणि थेट रिकाम्या जागा भरायला देतात. माझ्या मते तिथेच तास फसतो, कारण जो फरक कानाला ऐकू येत नाही तो हाताला लिहिता येत नाही.

शेवटी लेखन. 'सकाळी आमच्या स्वयंपाकघरात' या विषयावर पाच वाक्यं. दूध उतू जाईल, चहा सांडेल, पाणी तापेल, म्हणजे तेच आठ शब्द न सांगता येतील. लिंगाखेरीज दुसरी एकही चूक त्या दिवशी तपासू नका.

पण मराठीच्या तासाला हिंदी बोलू द्यायची का?

अशा तुलनेच्या सातआठ मिनिटांसाठी, हो, अगदी मोकळेपणाने. मुलाच्या डोक्यात हिंदी वाक्य आधीच तयार असतं. ते फळ्यावर आलं तर त्याच्याकडे बोट दाखवता येतं. बाकीचा तास मराठीत. आणि 'तुमची हिंदी मध्ये येते' असं मुलांना कधीही म्हणू नये. घरची भाषा म्हणजे अडचण आहे असं एकदा मुलाच्या मनात बसलं, की ते मराठीत तोंड उघडायचं थांबतं.

नियमाच्या अतिवापरासाठी तोच तास चालेल ना?

नाही. इथे हिंदी मध्ये आणली तर मूल गोंधळतं, कारण त्याने हिंदी कधीच मागे टाकली आहे. आणि मूळ नियम पुन्हा शिकवला तर चूक वाढते. 'आकारान्त पुल्लिंगी नामाला या' हे आणखी घोटलं, की 'माम्याला'च्या जोडीला 'दाद्याला' येतो. इथे नियमाची हद्द दाखवायची असते.

'माम्याला' साठी असा तास घेता येतो. सुट्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहा: घोडा, डबा, रस्ता, आंबा, कुत्रा आणि मामा, काका, दादा, बाबा, आजोबा. गटात वाटा आणि एक छोटी गोष्ट वाचून दाखवा, जिच्यात हे शब्द 'ला, ने, च्या' लागून येतात. ऐकता ऐकता मुलांनी चिठ्ठ्या दोन ढिगांत लावायच्या: बदलणारे आणि न बदलणारे. ढीग झाले की विचारायचं, दुसऱ्या ढिगातले कोण आहेत? नातेवाईक आहेत हे मुलं चटकन सांगतात.

मग त्यांच्याकडूनच एक पडताळा काढून घ्या. घोडा, घोडे, डबा, डबे, आंबा, आंबे. पण 'मामे' आले असं आपण म्हणत नाही, 'माझे दोन्ही मामा आले' म्हणतो. अनेकवचनात 'ए' होतो त्याला 'या' लागतो, होत नाही त्याला लागत नाही. मुलांना हा पडताळा स्वतः वापरता येतो, हे त्याचं मोल. 'राजा' मात्र यात बसत नाही: अनेकवचन 'राजे', तरी रूप 'राजाला'. तो शब्द पहिल्या दिवशी काढू नका. एखाद्या मुलाने काढला तर त्याचं कौतुक करून तो फळ्याच्या कोपऱ्यात वेगळा लिहा.

'सांगलं' साठीही मार्ग तोच, फक्त गट लहान ठेवा. सांगितलं, मागितलं, बघितलं हे तीन पुरे. वीस अनियमित क्रियापदांची यादी पाठ करायला दिली की मुलं ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. तिघांसोबत वाचलं, ऐकलं, उचललं हेही त्याच गोष्टीत आणा, नाहीतर आठवड्याने 'वाचितलं' ऐकू येईल.

निसटत्या चुकांसाठी तास घ्यायचा की फक्त समज द्यायची?

समज देऊन काही होत नाही, पण व्याकरणाचा तासही नको. इथे शिकवायचं ते स्वतःचं लेखन तपासणं. ते पंधरा मिनिटांत होतं आणि महिन्यातून दोनदा केलं तरी पुरतं.

लेखन झाल्या झाल्या तपासायला लावू नका. त्या वेळी मूल कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतं. दुसऱ्या दिवशी वही द्या. तुम्ही आधी ज्या ओळीत निसटती चूक आहे तिच्या समासात फक्त एक टिंब केलेलं असतं. कोणता शब्द, कसली चूक, काही लिहिलेलं नसतं. मुलाने शब्दाखाली बोट ठेवून हळू आवाजात ती ओळ वाचायची आणि दुरुस्त करायची. जी टिंबं सुटली नाहीत ती निसटती नव्हतीच असं समजा आणि त्या चुकीचा प्रकार पुन्हा ठरवा. म्हणजे या तासाने तुमच्या वर्गीकरणाचीही तपासणी होते.

वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने आपल्या दोनच सवयी लिहायच्या. वरच्या मुलासाठी: ''मी'सोबत ओ आहे का?' आणि 'पुढे टायरमध्ये, घरात असं काही आलं तर चा की च्या?' दोनपेक्षा जास्त लिहिलं की कोणी बघत नाही.

वर्गात गुजराती किंवा कन्नड बोलणारी मुलंही आहेत. त्यांना हेच लागू होईल का?

पद्धत हीच, निकाल वेगळे. गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत. 'पाणी', 'घर', 'पुस्तक' तिथेही नपुंसकलिंगीच. त्यामुळे गुजराती घरातल्या मुलाने 'पाणी थंड होता' लिहिलं तर त्याचा दोष मातृभाषेवर टाकता येत नाही. बहुतेक ते मैदानावर आणि शाळेत रोज बोलल्या जाणाऱ्या हिंदीतून आलेलं असतं. अशा मुलाला 'घरी काय म्हणता?' एवढं विचारलं तरी पुरतं, बरोबर उत्तर त्याच्याकडे असतं. 'चहा बनवली' मात्र त्याच्याकडूनही येईल, कारण गुजरातीतही चहा स्त्रीलिंगी आहे.

कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगात जातात. सोलापूर, सांगलीकडच्या शिक्षकांना 'गाडी आलं', 'शाळा सुटलं' हे ओळखीचं असेल. तिथे तास उलट्या बाजूने घ्यावा लागतो: नपुंसकलिंग आहेच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग वस्तूंनाही असतं हे दाखवायचं.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक कागद करा: मूल, घरची भाषा, गल्लीतली भाषा. प्रवेश अर्जावरच्या 'मातृभाषा' या रकान्यावर विसंबू नका. घरचे भोजपुरी किंवा मारवाडी बोलत असतील तरी तिथे 'हिंदी'च लिहिलेलं असतं.

मुलगी 'मी गेली' म्हणते. हे 'मैं गई' वरून आलंय का?

असेल किंवा नसेलही. प्रमाण मराठीत मुलगी 'मी गेले' म्हणते. पण विदर्भातल्या मराठी घरांतल्या मुली आणि बायका 'मी गेली, मी आली' सहज म्हणतात, मुंबईतही ते ऐकू येतं. हिंदीभाषक मुलीने ते मराठी मैत्रिणींकडून उचललं असेल, तर ती मराठी उत्तम शिकते आहे. अशा रूपांसाठी चौथी पेटी ठेवा: बोलीतलं रूप. त्यावर 'चूक' असं लिहायचं नाही. 'परीक्षेच्या उत्तरात आपण गेले लिहितो' एवढं सांगायचं. नागपूरच्या शिक्षकाला हे सांगावं लागत नाही, बदली होऊन तिथे गेलेल्याला लागतं.

वर्गात चाळीस वह्या असतात. एवढं बारीक काम कधी करायचं?

चाळीस वह्यांचं करूच नका. दहा वह्या घ्या: चांगल्या, मध्यम, कच्च्या अशा मिसळून. प्रत्येकीतल्या साधारण शंभर शब्दांच्या उताऱ्यावरच काम करा. एका कागदावर रकाने आखा: मुलाने काय लिहिलं, त्याला काय म्हणायचं होतं, हिंदीत ते कसं झालं असतं, संधी किती आणि बरोबर किती, आणि शेवटी प्रकार. शेवटचा रकाना पेन्सिलने भरा. दुसरा रकाना टाळू नका. मुलाला काय म्हणायचं होतं हे आपण गृहीत धरतो आणि तिथेच वर्गीकरण चुकतं. 'आम्ही खेळूया' लिहिणाऱ्याला 'आपण खेळूया' म्हणायचं होतं हे विचारल्यावरच कळतं. हिंदीत दोन्हींसाठी 'हम' आहे.

दहा वह्यांत एखादी चूक सहासात जणांकडे दिसली तर तिच्यावर सगळ्या वर्गाचा तास. दोघातिघांकडेच असेल तर मधल्या सुट्टीत त्यांना बोलावून पाच मिनिटं. एकाच मुलाची असेल तर त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर.

तास लागू पडला हे कसं ओळखायचं? कधी कधी नंतर चुका वाढलेल्याच दिसतात.

त्याच दिवशीच्या स्वाध्यायावरून काहीच कळत नाही, तेव्हा सगळे बरोबर लिहितात. दोनतीन आठवड्यांनी, त्या घटकाचं नावही न काढता, एखादा मोकळा विषय लिहायला द्या आणि पुन्हा संधी आणि बरोबर रूपं मोजा. आधी दहा संधींत दोन बरोबर होती ती सहा झाली, तर पुढच्या घटकाकडे जा. दहापैकी दहाची वाट बघू नका. लिंग आणि सामान्यरूप ही वर्षभर मुरणारी गोष्ट आहे.

चुका वाढल्या असतील तर त्या कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा. सामान्यरूपाच्या तासाआधी मूल 'घोडेला' आणि 'मामाला' लिहीत होतं. 'मामाला' बरोबर होतं, पण हिंदीच्या जोरावर. तासानंतर ते 'घोड्याला' आणि 'माम्याला' लिहू लागलं. चुकांची संख्या तेवढीच राहिली, एखाद्या वेळी वाढलीही. पण आधीची चूक हिंदीच्या नियमाची होती, आताची मराठीच्या नियमाची आहे. अशा वेळी पहिला तास पुन्हा घेऊ नका. चिठ्ठ्यांचा तास काढा, आणि गुणपत्रकात त्या मुलाचे गुण कमी दिसत असतील तर पालकांना बोलावून दोन्ही उतारे शेजारी ठेवून दाखवा.